आठ मित्रांचं एक जग

माइनक्राफ्टचं जग एकट्याने उभारायला कुणाचीच गरज लागत नाही. अडतं ते नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या मित्रांनाही त्याच जगात यायचं असतं तेव्हा. जग एकाच्या संगणकावर असेल, तर त्याने संगणक बंद केला की सगळ्यांचाच खेळ थांबतो. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरच्याला तुमच्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून डेटा सेंटरमधल्या यंत्राचा एक हिस्सा महिन्याच्या भाड्याने घ्यायचा. तो चोवीस तास चालू राहतो. इथे विचार संगणकावरच्या जावा आवृत्तीचा आहे. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती तिला थेट जोडता येत नाही.

भाड्याच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला असतो तो ‘स्लॉट’चा, म्हणजे एकावेळी किती खेळाडू येऊ शकतात याचा आकडा. माइनक्राफ्टपुरतं सांगायचं तर या आकड्याला फारसा अर्थ नाही. ती `server.properties` या फाइलमधली एक ओळ आहे, मुळात तिथे २० असतं, आणि ती कुणीही बदलू शकतो. ‘शंभर स्लॉट’ म्हटल्याने यंत्राची ताकद वाढत नाही.

खरा भार येतो तो खेळाडू कुठे कुठे विखुरले आहेत त्यावर. हे जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चौकोनांत, म्हणजे ‘चंक’मध्ये विभागलेलं असतं. दृश्य-अंतर १० असेल तर एका खेळाडूभोवती प्रत्येक बाजूला दहा चंक, म्हणजे २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक सर्व्हरला हाताळावे लागतात. आठही जण एकाच गावात घरं बांधत असतील तर बरेचसे चंक सामाईक असतात. पण आठ जण आठ दिशांना भटकायला निघाले की हाच आकडा साडेतीन हजारांवर जातो. अंतर ६ केलं तर माणशी १६९, आणि आठ जणांचे मिळून सुमारे साडेतेराशे उरतात. क्षितिज थोडं जवळ येतं, पण खेळ सुरळीत चालतो. जादा मेमरी विकत घेण्याआधी मी हा बदल करून बघायला सांगेन:

```
max-players=8
view-distance=6
white-list=true
```

सर्व्हर थकला आहे की आपलंच नेट हळू आहे, हे ओळखता येतं. एकट्यालाच अडकायला होत असेल, तर दोष बहुधा त्याच्या जोडणीचा. पण फोडलेला ठोकळा सगळ्यांनाच पुन्हा जागेवर दिसू लागला, तर सर्व्हर मागे पडतो आहे. सर्व्हर सेकंदाला २० वेळा जगाचा हिशोब करतो, म्हणजे एका फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात. `/tick query` ही आज्ञा सरासरी वेळ दाखवते. ती सतत पन्नासच्या वर असेल, तर प्रोसेसर कमी पडतो. या खेळाचा मुख्य हिशोब प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालतो, म्हणून भाड्याने घेताना गाभे किती यापेक्षा एका गाभ्याचा वेग किती, हे विचारावं. सगळे महाराष्ट्रातले असतील तर यंत्र मुंबईत असलेलं बरं. युरोपातलं यंत्र स्वस्त पडलं, तरी प्रत्येक कृती उशिरा पोहोचते.

खर्चाचा हिशोब उदाहरणाने पाहू. आठ जणांसाठी, फारसे मॉड न लावता, ४ जीबी मेमरी सहसा पुरते. समजा तिचं भाडं महिना ८०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ९४४, म्हणजे माणशी ११८ रुपये. बिल डॉलरमध्ये असेल तर कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागतं. पहिल्या महिन्याची सवलत संपल्यावर भाडं किती होणार, हेही आधीच पाहून ठेवावं.

कारभार दोन-तीन गोष्टींचाच आहे, पण त्या कुणीतरी एकाने अंगावर घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे पाहुण्यांची यादी. उघडे सर्व्हर शोधत इंटरनेटवर फिरणारे प्रोग्रॅम असतात. यादी नसेल तर अनोळखी माणूस आत येऊन महिन्याभराचं बांधकाम जाळून जातो. `/whitelist add` या आज्ञेपुढे मित्राचं खेळातलं नाव लिहिलं की तो आत येऊ शकतो. `/op` दिलेल्याला मात्र जवळपास सगळे अधिकार मिळतात; ते दोघांपलीकडे देऊ नयेत.

दुसरी म्हणजे जगाची प्रत. सेवा देणाऱ्याच्या पॅनेलवर रोजची प्रत आपोआप निघेल अशी सोय बहुधा असते, पण ती त्याच्याच यंत्रावर असू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व्हर थांबवून `world` फोल्डर आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा. भाडं थकलं की सेवा देणारा ठरावीक मुदतीनंतर सगळं पुसून टाकतो. परीक्षांमुळे खेळ थांबवायचा असेल, तर आधी हा फोल्डर उतरवावा आणि मगच भाडं बंद करावं. साध्या सर्व्हरवरचा हा फोल्डर आपल्या खेळाच्या `saves` मध्ये ठेवला की तेच जग एकट्याने उघडता येतं, आणि सुट्टी लागल्यावर नव्या भाड्याच्या यंत्रावर चढवून तिथूनच पुढे खेळता येतं.