भुवया उंच, कपाळ मात्र नितळ?

साठीच्या आत्याबाईंचा फोटो आहे. कुणीतरी काही सांगितलं, त्यांच्या भुवया वर गेल्या, ओठांवर हसू फुटलं आणि नेमकी तीच घटका कॅमेऱ्यात आली. घरच्यांना फोटो आवडला, पण "कपाळावरच्या रेषा तेवढ्या काढा" ही फर्माईशही आली.

पण त्या सगळ्या काढल्या तर हावभावच बिघडतो. भुवया वर ओढणारा फ्रंटॅलिस हा स्नायू कपाळावर उभा असतो. तो आखडला की त्वचा आडवी दुमडते. म्हणून भुवया उंच आणि कपाळ गुळगुळीत असलं की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. भुवया खाली ओढणं तर त्याहून वाईट, कारण मग आश्चर्यच उरत नाही. काम आहे ते रेषा फिक्या करण्याचं.

फोटोत रेष म्हणजे दोन पट्टे असतात: खाचेतली सावली आणि तिच्या कडेच्या उंचवट्यावर पडलेला उजेड. नुसती सावली उजळली तर उजेडाचा पट्टा तसाच राहतो आणि पांढुरकी शीर उमटल्यासारखी दिसते. त्यामुळे दोन्ही हाताळावे लागतात.

फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर रिकामा लेयर घ्यावा. Healing Brush निवडून Sample मध्ये Current & Below ठेवावं. ब्रश रेषेपेक्षा जेमतेम रुंद असावा. नमुना लगतच्या, तशाच उजेडातल्या त्वचेचा घ्यावा, म्हणजे रंध्रं जुळतात. गालाची त्वचा कपाळावर चालत नाही. मग ती रेष दोन्ही पट्ट्यांसह पूर्ण पुसावी. हो, पूर्ण! त्यानंतर लेयरची Opacity ५० टक्क्यांच्या आसपास आणली की खालची खरी रेष अर्धी परत दिसू लागते. अर्धवट पुसण्यापेक्षा हे बरं, कारण प्रमाण नंतरही बदलता येतं.

आत्याबाईंच्या कपाळावर तीन रेषा होत्या. प्रत्येकीला वेगळा लेयर दिला. केसांलगतची बारीक रेष ७० टक्क्यांपर्यंत पुसली, मधली ५० आणि भुवयांजवळची सर्वांत खोल रेष फक्त ३०. भुवयांच्या सर्वांत जवळची असल्याने हावभावाचा भार तिच्यावरच जास्त होता. कुंकवापाशी मात्र Healing Brush थांबवावा लागला. कडेजवळ तो लाल रंग त्वचेत ओढतो आणि डाग पडतो. तिथे Clone Stamp हलक्या हाताने वापरला.

काम जास्त झालं का, हे मोठं करून पाहताना कळत नाही. चित्र पोस्टकार्डाएवढं लहान करावं आणि नवे लेयर बंद-चालू करावेत. बंद करताना "अरे, रेषा होत्या की!" वाटलं तर ठीक. पण चालू करताना बाई दुसऱ्याच वाटल्या, तर Opacity आणखी उतरवा.

फोटो अजून काढायचा असेल तर दिवा डोक्यावरून किंवा अगदी बाजूने ठेवू नका. समोरून येणाऱ्या मऊ उजेडात खाचांची सावली मुळातच फिकी पडते.