जीएसटीची खातेवही : नाकारलेले बिल आणि बिलाचा नंबर

ई-इनव्हॉइस पोर्टलने परत पाठवली, की बरेच हिशेबनीस आधी बिलाचा नंबर बदलतात. खरे तर आधी पाहायचे ते हे, की बिल पोर्टलने घेतलेच नाही की आधीच घेऊन ठेवले आहे.

तुमसरची एक राईस मिल उदाहरणाला घेऊ. उलाढाल पाच कोटींच्या वर, म्हणजे 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीची. बालाघाटच्या व्यापाऱ्याला 25 किलोच्या छापील पिशव्यांतला 50 क्विंटल तांदूळ दिला. किंमत 2,00,000 रुपये, पाच टक्क्यांनी कर 10,000. बिल नंबर TR/147.

पहिल्या वेळी पोर्टलने नाकारले, कारण कर सीजीएसटी-एसजीएसटी असा पाच-पाच हजारांत विभागला होता. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक 23 ने सुरू होतो, म्हणजे मध्य प्रदेश, आणि माल तिकडेच जाणार. इथे फक्त आयजीएसटी लागतो. बिलाची नोंदणी झालेलीच नाही, म्हणून आयआरएन नाही. सॉफ्टवेअरमधल्या ग्राहकाच्या नोंदीत राज्य दुरुस्त करायचे, कर पुन्हा काढायचा आणि TR/147 याच नंबराने पाठवायचे. नुसते बिल दुरुस्त केले, तर पुढच्या बिलाला तीच चूक पुन्हा येणार.

दुसऱ्यांदा पाठवताना नेट गेले. उत्तर आलेच नाही. तिसऱ्यांदा पाठवल्यावर हे आले:

```
"ErrorCode": "2150"
"ErrorMessage": "Duplicate IRN"
```

इथेच गडबड होते. घाईत कोणी TR/148 करतो, ते बिनबोभाट पास होते, आणि एकाच मालावर दोन बिले जीएसटीआर-1 मध्ये जाऊन बसतात. कर दुप्पट दिसू लागतो.

आयआरएन चार गोष्टींवरून बनतो: विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर. ग्राहक किंवा रक्कम त्यात येतच नाही. म्हणून 2150 चा अर्थ एवढाच, की या नंबराचे बिल नोंदले गेले आहे. त्याच उत्तरात खाली `InfoDtls` मध्ये `DUPIRN` या खुणेखाली `Irn`, `AckNo` आणि `AckDt` मिळतात. त्या आयआरएनवर ग्राहक आणि 2,10,000 ही एकूण रक्कम जुळते का ते पाहा. जुळले तर दुसऱ्या वेळचे बिल गेलेच होते. आयआरएन उतरवून घ्या, क्यूआर कोडसह बिल छापा. ग्राहक भलताच निघाला, तर दुकान आणि गोदाम अशा दोन संगणकांवर एकच नंबरमालिका चालू असणार. तेव्हा मात्र नवा नंबर द्यायलाच हवा.

नोंदलेल्या बिलातच चूक असेल, तर 24 तासांच्या आत ते पूर्ण रद्द करता येते, अर्धवट नाही. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. बिलावर चालू ई-वे बिल असेल, तर आयआरएन रद्द होत नाही. आधी ई-वे बिल रद्द करावे लागते. मुदत उलटली, की क्रेडिट नोट किंवा जीएसटीआर-1 मधली दुरुस्ती, असे मार्ग उरतात.