कुटुंबामागे दोनच प्रवेशिका
शाळेचं स्नेहसंमेलन नाट्यगृहात असलं की पालकांसाठीच्या सूचनेत ‘प्रत्येक कुटुंबाला दोनच प्रवेशिका’ ही ओळ बहुधा असतेच. हा आकडा खुर्च्यांवरून निघतो. समजा, नाट्यगृहात ९०० खुर्च्या आहेत. पाहुणे, शिक्षक आणि नाच आटोपून खाली येऊन बसणारी मुलं यांच्यासाठी २०० वगळल्या, तर ७०० उरतात. कुटुंबं ३४० असतील, तर प्रत्येकी दोघांचीच सोय होते. खरा घोळ भावंडांचा. दोघं एकाच शाळेत असली, तर प्रवेशिका थोरल्याच्या वर्गातच मिळतील, हे सूचनेत स्पष्ट लिहिलेलं नसलं की तेच पालक धाकट्याच्या वर्गशिक्षिकेकडेही हक्काने मागतात. मांडीवरच्या बाळाला प्रवेशिका लागते का, हेही लिहिलेलं बरं. आजी-आजोबांसाठी काही शाळा रंगीत तालीम खुली ठेवतात.