घास अडकतो, की पाणी?

वस्तीत कुणी 'गिळायला होत नाही' म्हटलं की घरातले लोक त्याला नाव लगेच देतात. पित्त झालं, घसा बसला, वायू धरला, जागरण झालं. ओपीडीत बसलेला चांगला डॉक्टर मात्र नावाकडे न जाता आधी एक साधा प्रश्न विचारतो: काय अडकतं? भाकरी अडकते की पाणी? आणि आधी काय अडकायला लागलं? या प्रश्नाचं नीट उत्तर घरच्या माणसाकडे तयार असेल, तर तपासणीची दिशा तिथल्या तिथे ठरते. उत्तर नसेल तर बरेचदा पित्ताच्या गोळ्यांवर महिने जातात. म्हणून या वेळी फक्त याच प्रश्नाबद्दल लिहिते.

आधी नळीबद्दल थोडं. घशापासून पोटापर्यंत अन्न नेणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं लांब असते. ती घरच्या पाइपासारखी कडक नसते. मऊ, स्नायूंची असते. घास आला की वरून खाली पिळत पिळत तो पुढे ढकलते, आणि तळाशी पोटाच्या तोंडाला एक झडप असते ती घास आल्यावर उघडते. निरोगी नळी घासासाठी दोन सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याएवढी सहज फाकते. ती आतून आवळत गेली आणि शर्टाच्या बटणाएवढी, म्हणजे १३ मिलीमीटरच्या आसपास राहिली, की भाकरी, चपाती, मटण हे अडकायला लागतं. पाणी मात्र पेन्सिलीएवढ्या वाटेतूनही निघून जातं. सगळं गणित इथेच आहे. वाट अरुंद झाली असेल तर आधी घट्ट पदार्थ अडकणार, मग मऊ, आणि शेवटी पातळ.

आमच्या वडाळ्यातल्या एका मावशीचं असंच झालं. वय पंचावन्नच्या पुढे, तीस वर्षांची मिश्रीची सवय, कामावरून आल्यावर कपात ओतल्या ओतल्या उकळता चहा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाल्यावर आम्ही बायका थोडा वेळ बसतो, तेव्हा त्यांची सून सहज बोलून गेली, 'ताई, आमच्या आत्या हल्ली भाकरी रश्श्यात बुडवल्याशिवाय खातच नाहीत.' मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, 'दात राहिले नाहीत ना गं, म्हणून.' पण दात जाऊन चार वर्षं झाली होती आणि भाकरी बुडवणं दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. मग मागे मागे जात विचारलं. आधी नुसती मटणाची फोड अडकली, त्यांनी मटण सोडलं. मग कोरडी भाकरी. मग चपाती चहात भिजवून. आता भातसुद्धा आमटी जास्त घालून, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. चहा आणि पेज अजून सरळ जात होती. ब्लाउज सैल झाले होते. मागच्या शिबिरात ५२ किलो वजन होतं, आता ४४ भरलं.

हे सगळं त्या दोन महिन्यांत घरात कुणाला का दिसलं नाही? कारण आपल्या घरात बाई सगळ्यात शेवटी जेवते, बहुतेक एकटी आणि ओट्याजवळ. तिने काय सोडलं ते बघायला ताटासमोर कुणी नसतं. पुरुषाच्या घशात घास अडकला तर घरभर कळतं. मला विचाराल तर या आजारात आपल्या बायका उशिरा दवाखान्यात पोचतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

मावशींना एका डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या आणि थोडं बरंही वाटलं होतं. छातीतली जळजळ कमी झाली, अडकणं तसंच राहिलं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे जागा. त्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवून 'इथे अडकतं' म्हणायच्या, म्हणून कुणी घशाचं औषध दिलं. खाली छातीत अडकलेलं अनेकदा वर गळ्याशीच जाणवतं. त्यामुळे बोट गळ्यावर आहे म्हणून आजार गळ्यातच आहे असं धरून चालत नाही.

घट्ट आधी, मग मऊ, आणि हे सगळं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत गेलेलं, सोबत वजन उतरलेलं, वय चाळीस-पन्नासच्या पुढे आणि तंबाखू, मिश्री, विडी किंवा दारूची सवय: एवढं ऐकलं की डॉक्टरच्या मनात पहिला संशय अन्ननलिकेच्या कॅन्सरचा येतो. मिश्री दातालाच लावतो, गिळत नाही, असं आपल्याकडे म्हणतात, पण तिची लाळ पोटात जातेच. तंबाखू आणि दारू एकत्र असतील तर धोका कितीतरी पटीने वाढतो. ६५ अंशांवरचं फार गरम पेय या नळीच्या कॅन्सरला बहुधा कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटलं आहे. चहा सोडायला नको, दोन-चार मिनिटं निवू द्यायचा.

मावशींची दुर्बिणीतून तपासणी झाली. तिची भीती बायकांना फार असते म्हणून सांगते. आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि बोटापेक्षा बारीक लवचीक नळी तोंडातून आत घालतात. पाच-दहा मिनिटांत होतं. उमाळे येतात, पण श्वास अडत नाही. वाट कुठे अरुंद आहे ते डोळ्यांनी दिसतं आणि तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीला घेतात. त्या तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणीही 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' म्हणू नये. मावशींच्या रिपोर्टात कॅन्सर निघाला, नळीच्या मधल्या भागात. मग सीटी स्कॅन, पोट भरण्यासाठी नाकातून बारीक नळी, आणि केमो व शेक दोन्ही. नाकातली नळी बघून शेजारीण रडली, पण त्याच नळीतून दूध, अंडं, डाळीचं पाणी गेल्यामुळे मावशींना उपचार झेपले. पाणीही उतरेना अशा अवस्थेत त्या पोचल्या असत्या तर वजन आणखी गेलं असतं, आणि तेव्हा डॉक्टरांच्या हातात पर्याय कमी राहतात.

घट्ट अडकतं म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. जुन्या आम्लपित्ताने नळीचा खालचा भाग भाजून आवळतो, तिथे अडकणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. रक्त फार कमी असलेल्या बायकांत नळीच्या वरच्या तोंडाशी पातळ पडदा धरतो, तो दुर्बिणीने किंवा फुग्याने मोकळा करतात आणि लोहाच्या गोळ्या देतात. आणि वस्तीतला एक प्रकार म्हणजे संडास धुण्याचं ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवणं. पोराने चुकून घोट घेतला आणि तो वाचला, तरी काही आठवड्यांनी नळी आवळत जाऊ शकते. ती बाटली आजच वेगळी करा.

आता दुसरी चाल. अंटॉप हिलकडचा एक तिशीचा मुलगा, त्याला पहिल्या दिवसापासून पाणी आणि भात दोन्ही अडकायचं. एक दिवस बरं, एक दिवस वाईट, असं तीन वर्षं चाललेलं. जेवून झाल्यावर तो उभा राहून छाती ताणायचा, वर पाणी प्यायचा, मग घास खाली जायचा. रात्री न पचलेला भात तोंडात यायचा, उशी ओली व्हायची. घरचे म्हणायचे टेन्शन आहे. इथे नळी अरुंद झालेली नसते, तिचं पिळणंच बंद पडलेलं असतं आणि तळाची झडप उघडत नाही. म्हणून घट्ट-पातळ असा भेद राहत नाही, सुरुवातीपासून दोन्ही अडकतं. डॉक्टर याला ॲकॅलेशिया म्हणतात. पांढरं बेरियम पाजून एक्स-रे काढला की नळी वर फुगलेली आणि तळाशी चोचीसारखी निमुळती दिसते. त्यावर फुग्याने झडप ताणतात किंवा तिचा स्नायू कापतात, आणि माणूस पुन्हा जेवतो. पण उतारवयात असा त्रास थोड्याच महिन्यांत सुरू झाला असेल, तर तळाशी दडलेली गाठही हुबेहूब अशीच वागू शकते. त्यामुळे दुर्बीण यातही टळत नाही.

तिसरी चाल उलटी आहे. भात, खिचडी जाते, पण पाण्याला ठसका लागतो. पाणी नाकातून येतं, पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरता होतो. यात बिघाड छातीतल्या नळीत नसतो, गिळण्याच्या सुरुवातीलाच असतो. गिळताना श्वासनलिकेचं झाकण क्षणात बंद व्हावं लागतं. पाणी धावतं. लकव्यात, कंपवातात ते झाकण उशिरा बंद होतं आणि पाणी फुफ्फुसात उतरतं. दाट पेज सावकाश जाते म्हणून सुखरूप पोचते. असा त्रास अचानक सुरू झाला आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं असं काही दिसलं, तर तासभरही थांबू नका, सरळ इस्पितळात न्या. आधीच लकवा झालेल्या आजोबांना आडवं ठेवून चमच्याने पाणी पाजणं ही प्रेमाने केलेली घातक गोष्ट आहे. त्यातूनच न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून काही देऊ नये. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की ताठ बसवून, हनुवटी छातीकडे थोडी झुकवून, सांगितलेल्या दाटपणाचं, छोट्या चमच्याने द्यायचं. पहिला चमचा गेल्याची खात्री झाली की मगच दुसरा.

काही बायकांना घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं, पण जेवताना काहीच अडकत नाही, उलट जेवल्यावर बरं वाटतं. तो या तिन्हींपेक्षा वेगळा आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी त्रास आहे. एकदा दाखवून घ्यावा, घाबरू नये.

दवाखान्यात जाण्याआधी वहीच्या पानावर चार ओळी लिहा: पहिल्यांदा काय अडकलं आणि कोणत्या महिन्यात, आता काय काय सोडलंय, पाण्याला ठसका लागतो का, वजन किती उतरलं. सवयीही खऱ्या लिहा, मिश्रीसकट. वडाळ्याहून सायन आणि परळचं केईएम दोन्ही जवळ आहेत, आणि १९४१ साली सुरू झालेलं टाटा केईएमच्या शेजारीच आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, त्याची चौकशी इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे करा. आणि घास अडकून स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, तर वरून पाणी, केळं, भाताचा गोळा काही देऊ नका. ती वेळ ओपीडीची नाही, रात्र असली तरी इमर्जन्सीत जायचं.