चिखल्या आणि एकशेवीस माणसं

आमच्या विभागात दर पावसाळ्याआधी एखादा विद्यार्थी मोठं स्वप्न घेऊन येतो. त्या वर्षी आलेली मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. आयसीएमआरच्या विद्यार्थी प्रकल्पासाठी दोन महिने मिळतात, तेवढेच तिच्या हातात होते. विषय चांगला होता: भातलावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या किंवा जखमा असलेल्यांना लेप्टो जास्त होतो का?

"मॅडम, कोहॉर्ट करू. जूनमध्ये शेतकऱ्यांचे पाय तपासायचे, चिखल्या असलेले एकीकडे, नसलेले दुसरीकडे. मग हंगामभर बघायचं, कुणाला लेप्टो होतो."

कल्पनेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पाय आधी बघायचे आणि आजार नंतर, म्हणजे कारण आधी की परिणाम आधी हा वाद उरत नाही. धोका थेट मोजता येतो. मी तिला फक्त कागद-पेन दिलं आणि सांख्यिकीच्या सरांकडे पाठवलं.

सरांनी तिला दोन आकडे गृहीत धरायला सांगितले. चिखल्या नसलेल्यांत हंगामात हजारी एक रुग्ण, असलेल्यांत हजारी तीन. फरक तिपटीचा, पण दोन्ही आकडे इवलेसे. नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीला आणि ८० टक्के पॉवरला प्रत्येक गटात साधारण ७,८०० माणसं लागत होती. दोन्ही मिळून साडेपंधरा हजारांच्या वर, आणि इतक्या माणसांच्या पायांकडे बघून हाती लागणार जेमतेम तीसेक रुग्ण. बाई परत आली तेव्हा तिचा चेहरा लावणी राहून गेलेल्या शेतकऱ्यासारखा झाला होता.

मग उलट्या बाजूने गणित मांडलं. आधी रुग्ण घ्यायचे, त्यांच्यासोबत लेप्टो नसलेली तुलनेची माणसं, म्हणजे कंट्रोल, घ्यायची आणि दोघांनाही मागचं विचारायचं. यालाच केस-कंट्रोल म्हणतात. कंट्रोलमधल्या ३० टक्क्यांना चिखल्या असतील आणि आपल्याला तिपटीचा संबंध पकडायचा असेल, तर एका रुग्णामागे दोन कंट्रोल धरून ४० रुग्ण आणि ८० कंट्रोल पुरतात. एकूण एकशेवीस. आमच्या वॉर्डाच्या रजिस्टरवरून हंगामात चाळीस रुग्ण जमण्यासारखे दिसत होते.

ती तरी खट्टूच होती. "म्हणजे आपण हलक्या दर्जाचा अभ्यास करतोय?" मग मी तिला बॉस्टनचा किस्सा सांगितला. १९७१ साली हर्बस्ट, उल्फेल्डर आणि पॉस्कँझर या तिघांनी विशीच्या आसपासच्या मुलींमधल्या योनीमार्गाच्या एका अतिदुर्मीळ कर्करोगाचा अभ्यास छापला. रुग्ण किती? फक्त ८. त्यांनी प्रत्येक मुलीमागे चार कंट्रोल घेतल्या, त्याही त्याच रुग्णालयात आणि पाच दिवसांच्या आतबाहेर जन्मलेल्या. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी स्टिल्बेस्ट्रॉल हे औषध घेतलं होतं, बत्तीस कंट्रोलपैकी एकीच्याही आईने नाही. औषधाचा संशयही मुळात एका रुग्ण मुलीच्या आईनेच बोलून दाखवला होता. त्या औषधाच्या छायेत जन्मलेल्या मुलींना हा कर्करोग होण्याचं प्रमाण पुढे हजारात एकाच्या आसपास निघालं. म्हणजे कोहॉर्टने हेच आठ रुग्ण गाठायला आठएक हजार मुली शोधून वीस वर्षं थांबावं लागलं असतं. आजार दुर्मीळ आणि कारण जुनं असेल, तर मागे वळून बघणं हाच शहाणपणा.

यानंतर मात्र खरी कसरत सुरू झाली. कोहॉर्टमध्ये कष्ट माणसं सांभाळण्यात जातात, केस-कंट्रोलमध्ये कंट्रोल निवडण्यात. तिने पहिले कंट्रोल शोधले नेत्रविभागात, मोतीबिंदूच्या रांगेत. कारण तिथे माणसं निवांत बसलेली असतात आणि बोलतात! पण सत्तरीची आजी लावणीला जातच नाही. तिच्या कोरड्या पायांशी तरण्या शेतकऱ्याचे पाय ताडून बघितले, तर संबंध तिपटीचा नाही, दहापटीचाही निघेल आणि तो खोटा असेल. कंट्रोल असा हवा की त्याला लेप्टो झाला असता तर तोही आमच्याच वॉर्डात आला असता.

मग शस्त्रक्रिया विभागातून हर्नियाचे रुग्ण घेऊन चाचणी मुलाखती केल्या. लेप्टोचा रुग्ण म्हणाला, "होती ना जखम, मोठ्या डॉक्टरांनी पण तेच विचारलं." हर्नियावाले काका ठामपणे म्हणाले, "काही नव्हतं." मागून काकू म्हणाल्या, "नव्हतं काय? रात्रभर बोटांच्या बेचक्या खाजवत होतात, मीच हळद-तेल लावलं." काका खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवायचं कारणच पडलं नव्हतं. रुग्णाला मात्र डॉक्टर, नर्स, शेजारी सगळ्यांनी तोच प्रश्न विचारून आठवण करून दिलेली. दोघांच्या आठवणीतला हा फरक आपसूक चिखल्यांना गुन्हेगार ठरवतो.

यावर उपाय निघाला तो कंट्रोल बदलण्याचा. त्याच आठवड्यात, त्याच तालुक्यातून तापाने दाखल झालेले पण लेप्टोची तपासणी निगेटिव्ह आलेले रुग्ण आम्ही घेतले. त्यांनाही डॉक्टरांनी पायांचं विचारलेलं असतं आणि आपल्याला ताप का आला याचा विचार तेही करत असतात. प्रश्नही बदलला. "जखम होती का?" असं न विचारता ताप येण्याआधीच्या महिन्यात किती दिवस चिखलात गेलात, पायात काय होतं, पायाला काय लावत होता, असं ठरावीक शब्दांत विचारायचं, आणि विचारणाऱ्याला अहवाल माहीत नसावा.

इथेही दोन खड्डे होते. ताप सुरू होऊन पाच-सात दिवस होईपर्यंत लेप्टोची आयजीएम तपासणी बऱ्याचदा निगेटिव्हच येते, म्हणून लवकर आलेल्याची पुन्हा तपासणी केल्याशिवाय त्याला कंट्रोल म्हणायचं नाही. आणि स्क्रब टायफसवाले वगळायचे, कारण तो आजारही शेतात, झुडपात वावरणाऱ्यांनाच गाठतो. असे कंट्रोल भरले तर खरा संबंधही फिका दिसतो.

शेवटी डमी तक्ता केला. माहिती गोळा करण्याआधी काल्पनिक आकडे भरून बघायची आमच्याकडे सक्तीच आहे. ४० रुग्णांपैकी २२ जणांना चिखल्या, ८० कंट्रोलपैकी २४ जणांना. बाईने खाली लिहिलं: "चिखल्या असलेल्या ४६ पैकी २२ जणांना, म्हणजे ४८ टक्के लोकांना लेप्टो होतो." मी म्हटलं, कंट्रोल दुप्पट कर. १६० कंट्रोल, त्यांत ४८ चिखल्यावाले. आता ७० पैकी २२, म्हणजे ३१ टक्के. गावात काहीच बदललं नाही, फक्त आपण माणसं जास्त घेतली. तिरपा गुणाकार मात्र दोन्ही वेळा २.८५ च देतो: आधी २२ आणि ५६ चा गुणाकार भागिले १८ आणि २४ चा गुणाकार, मग २२ आणि ११२ चा गुणाकार भागिले १८ आणि ४८ चा गुणाकार. केस-कंट्रोलमधून हा ऑड्स रेशोच काढायचा, शेकडा प्रमाण नाही. आजार विरळ असल्यामुळे तो 'किती पट धोका' याच्या जवळपास येतो, पण 'शंभरात किती' हे तो कधीच सांगत नाही.

समितीपुढे तिला विचारलं गेलं, कोहॉर्ट का नाही? तिने साडेपंधरा हजारांचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, "हाच प्रश्न 'गावात किती जणांना लेप्टो होतो' असा असता, तर कोहॉर्टच मागितली असती." कोणी पुढे काही बोललं नाही. मंजुरी मिळाली, एका दुरुस्तीसह: शीर्षकातलं 'लेप्टोचा धोका किती' काढून तिथे 'चिखल्या आणि लेप्टो यांचा संबंध' असं लिहावं.