जुन्या बेटिंग खात्यात अडकलेले पैसे

ब्रिटनमध्ये ऑनलाइन बेटिंगचे खाते विसरून गेलेल्यांनी त्याच्या अटी आधी वाचाव्यात. अनेक कंपन्या बारा महिने व्यवहार नसलेल्या खात्यातून दरमहा शुल्क कापतात. समजा ६० पौंड शिल्लक आहेत आणि शुल्क ५ पौंड आहे, तर पुढच्या वर्षभरात खाते रिकामे होते. म्हणून खाते उघडल्यावर फक्त शिल्लक पाहून थांबू नका, व्यवहारांची यादी उतरवून घ्या. कपात कधीपासून झाली ते तिथेच दिसते.

जुने कार्ड रद्द झाले असेल तर कंपनी ओळखपत्र आणि सध्याच्या बँक खात्याचे विवरण मागते. पैसे काढण्यासाठी पुन्हा खेळायची मुळीच गरज नाही. स्वतःहून खेळबंदी घेतलेल्यांनी तर लॉगिनच्या खटपटीत न पडता ग्राहकसेवेला लिहावे. अशा ग्राहकाची शिल्लक परत करणे परवानाधारक कंपनीवर बंधनकारक आहे.

शुल्काची पूर्वसूचना मिळाली नसेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र तंटानिवारण संस्थेकडे विनामूल्य जाता येते.