‘सम’ आणि ‘एनी’ : नियमामागचा नियम

होकारार्थी वाक्यात ‘सम’, प्रश्नार्थी व नकारार्थी वाक्यात ‘एनी’, हा नियम विद्यार्थी प्राथमिक वर्गातच पाठ करतात. पुढे ‘वुड यू लाइक सम टी?’ हे वाक्य समोर आले की ते गोंधळतात. कारण प्रश्नचिन्ह तर आहे, पण ‘एनी’ नाही. व्याकरणाची पुस्तके त्यास अपवाद म्हणून मोकळी होतात. आमच्या मते येथे अपवाद नसून मूळ नियमच अपुरा सांगितला गेला आहे.

बोलणाऱ्यास होकाराची अपेक्षा असेल तर ‘सम’ येते. उत्तर कोणत्याही बाजूचे असू शकत असेल तर ‘एनी’. ‘इज देअर एनी वॉटर इन द टँक?’ ही केवळ चौकशी आहे. ‘कॅन आय हॅव सम वॉटर?’ ही विनंती आहे. पाणी मिळेल हे तीत गृहीत आहे. पाहुण्यास आपण ‘चहा घेणार ना?’ असे विचारतो, त्यातील ‘ना’चे काम इंग्रजीत ‘सम’ करते. ‘वुड यू लाइक एनी टी?’ हेही अशुद्ध नाही, पण त्यात आग्रह उरत नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९६९ साली, केवळ वाक्यरचनेवरून या दोन शब्दांचा नियम बांधता येत नाही, असे दाखवून दिले होते.

नकारात मात्र चूक महागात पडते. मुलाखतीत विद्यार्थ्यास सांगायचे असते, ‘काही प्रश्न मला समजले नाहीत.’ नकार आहे म्हणून तो पाठ केलेला नियम लावून म्हणतो, ‘आय डिडन्ट अंडरस्टँड एनी ऑफ द क्वेश्चन्स.’ ऐकणाऱ्यास अर्थ लागतो, एकही प्रश्न समजला नाही! येथे ‘सम ऑफ द क्वेश्चन्स’ हवे होते. नकारासह ‘एनी’ आले की सर्वच नाकारले जाते. ‘सम’ काहींपुरतेच नाकारते.

दुसरा अडथळा खास मराठी भाषकांचा. ‘कोणीही आले नाही’ यात ‘कोणीही’ आधी, ‘नाही’ शेवटी. तोच क्रम ठेवून मुले ‘एनीवन डिडन्ट कम’ असे लिहितात. इंग्रजीत नकार ‘एनी’च्या आधी यावा लागतो : ‘आय डिडन्ट सी एनीवन’ चालते, पण कर्त्याच्या जागी ‘नोबडी केम’ असेच म्हणावे लागते. हा नकार ‘नॉट’च असतो असेही नाही, ‘विदाऊट एनी हेल्प’ किंवा ‘हार्डली एनी मनी’ यांत तो शब्दाच्या पोटात दडलेला आहे.

राहिले होकारातील ‘एनी’. ‘यू कॅन टेक एनी बुक’ म्हणजे कपाटातील हवे ते पुस्तक घ्या. ‘टेक सम बुक्स’ म्हणजे त्यांतील काही घ्या, सगळी नव्हेत.